दाण्याचा सांधा : पानशेतच्या एका छायाचित्रातील ठिगळाची चिकित्सा

दरवर्षी जुलै उजाडला की पानशेतच्या पुराची छायाचित्रे पुण्यात पुन्हा बाहेर निघतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, वाड्यांच्या आणि मंडळांच्या स्मरणिका, घरोघरचे अल्बम या सगळ्यांतून १२ जुलै १९६१ चा तो बुधवार नव्याने डोळ्यांपुढे येतो. गेल्या काही वर्षांत ही छायाचित्रे पूर्वीपेक्षा पुष्कळच स्वच्छ दिसू लागली आहेत. बुरशीचे डाग गेले, घड्या बुजल्या, फाटलेले कोपरे भरून आले. याचा आनंद होतोच. पण पोथीचा पाठ तपासताना, ताम्रपटातले अक्षर लावताना आपण जी शंका घेतो, ती या स्वच्छ छायाचित्रांबाबत घेत नाही. फोटो आहे म्हणजे तसे होते, एवढ्यावर आपले समाधान होते. त्यातला कोणता भाग प्रकाशाने उमटला आणि कोणता नंतर कुणी भरला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारता येतो आणि बऱ्याचदा त्याचे उत्तरही छायाचित्रातच असते, हे एकाच चित्रातल्या एकाच ठिगळाच्या आधाराने येथे मांडायचे आहे.

हे छायाचित्र नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या दर्शनी भिंतीचे आहे. ज्या कुटुंबाकडे ते आहे त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. पाणी ओसरल्यावर ते काढले आहे. मध्यभागी दरवाजा, त्याच्या डाव्या हाताला दिव्याचा कोनाडा, भिंतीवर गाळाची आडवी रेघ आणि पुढे अंगभर पसरलेला चिखल. प्रिंट त्या काळच्या फुल प्लेट मापाची, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची. ती वर्षानुवर्षे काचेच्या चौकटीत, काचेला टेकून होती. पावसाळ्याच्या दमट हवेत प्रिंटवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला चिकटतो. पुढे कुणी चौकट उघडून प्रिंट ओढून काढली तेव्हा दरवाज्याच्या उजवीकडचा सुमारे चाळीस बाय अठ्ठावीस मिलिमीटरचा तुकडा काचेवरच राहिला आणि प्रिंटवर कागदाचा पांढरा थर उघडा पडला. (अशी प्रिंट कधीही ओढू नये. काचेसकट स्कॅन करावी. काचेतून सगळे दिसत असते. येथे तर तुटलेला तुकडा काचेवर शाबूत होता, पण ती काच टाकून देण्यात आली.) वाडा आता नाही, त्या जागी इमारत आहे. दर्शनी भिंत कशी होती हे सांगणारे एवढेच चित्र उरले आहे.

काही वर्षांपूर्वी या प्रिंटची संगणकावर दुरुस्ती करून घेण्यात आली. ती कुणी केली हे येथे महत्त्वाचे नाही. दुरुस्त प्रतीत दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कोनाडा दिसतो. सममित, देखणी भिंत. पुढे एका स्मरणिकेसाठी वाड्याचे रेखाचित्र काढले गेले ते याच प्रतीवरून, आणि त्यातही दोन कोनाडे आले. म्हणजे एक वास्तुवैशिष्ट्य छापील नोंदीत दाखल झाले. मूळ प्रिंटवर उजव्या कोनाड्याच्या जागी केवळ पांढरा डाग आहे.

दुरुस्तीचे काम वाईट नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. पडद्यावर पूर्ण चित्र पाहताना ठिगळ ओळखू येत नाही. ते उघडे पडते ते दाण्यामुळे. छायाचित्रकार ज्याला ग्रेन म्हणतात तो हा दाणा. फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. कण एकेकटे दिसत नाहीत, पण ते एकमेकांवर चढून त्यांचे वेडेवाकडे पुंजके होतात आणि मोठे केल्यावर सपाट करड्या भागातही रवाळपणा दिसतो. हा रवा निगेटिव्हमधला असतो. छपाईच्या कागदाचा स्वतःचा दाणा इतका बारीक असतो की तो गणतीत धरण्याचे कारण नाही. त्यामुळे निगेटिव्ह किती पटीने मोठी केली यावर प्रिंटवरच्या दाण्याचे माप ठरते. निगेटिव्हवर कागद ठेवून केलेल्या जुन्या कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये दाणा जवळजवळ दिसतच नाही. तिथे जो खरखरीतपणा दिसतो तो बहुधा कागदाचा असतो. आपल्या चित्रातला दाणा ठळक आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरून सुमारे सातपट मोठी केलेली प्रिंट असावी, असे त्यावरून वाटते. इंचाला १२०० बिंदू या हिशेबाने स्कॅन केल्यावर एकेक पुंजका तीन ते पाच बिंदू रुंद भरतो.

या दाण्याचे दोन गुण ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे होते. पहिला असा की तो बिंदू-बिंदूंचा नसून पुंजक्यांचा आहे. म्हणून सॉफ्टवेअरमधला नुसता ‘नॉइज’ वर टाकला तर तो भुरभुरलेल्या मिठासारखा दिसतो, दाण्यासारखा दिसत नाही. दुसरा असा की तो सगळीकडे सारख्या जोराचा नसतो. प्रिंटच्या गडद काळ्यात आणि उजळ पांढऱ्यात कागदच त्याला दाबून टाकतो. मधल्या करड्या छटांत तो सर्वांत उठून दिसतो. आकाशातला दाणा उचलून भिंतीत लावला तर माप बरोबर येईल, पण जोर कमी पडेल.

आता सांध्याकडे येऊ. ठिगळ लावताना त्याची कड धारदार ठेवली तर छटेतला किंचितसा फरकही रेघेसारखा दिसतो. म्हणून सगळेच कड मऊ करतात, म्हणजे सीमेवरच्या पट्ट्यात ठिगळ आणि मूळ चित्र हळूहळू एकमेकांत मिसळतात. सगळ्या शिकवण्यांत हेच सांगितलेले असते. छटेपुरते ते बरोबर आहे, दाण्यापुरते चूक आहे. का, ते फाशांनी समजेल. एक फासा टाकला तर एक आणि सहा ही टोके जेवढ्या वेळा येतात तेवढ्याच वेळा तीन आणि चार येतात. दोन फासे टाकून त्यांची सरासरी घेतली तर टोके दुर्मीळ होतात आणि मधले आकडेच वरचेवर येतात. मऊ कडेवर नेमके हेच घडते. मूळ दाणा आणि ठिगळाचा दाणा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले की जिथे एकात काळा ठिपका आहे तिथे दुसऱ्यात बहुधा तो नसतो, आणि दोघे एकमेकांना सपाट करतात. हिशेब केला तर मिश्रणाच्या मध्यावर दाण्याचा जोर मूळच्या सुमारे सत्तर टक्के उरतो. म्हणजे आतही दाणा ठीक, बाहेरही ठीक, पण ठिगळाभोवती एक गुळगुळीत कडे तयार होते. डोळ्याला ते रेघेसारखे दिसत नाही. तिथे काच जरा पुसल्यासारखी वाटते एवढेच. सांधा लपवण्याच्या युक्तीनेच सांधा उघडा पडतो.

हे मोजता येते. GIMP या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत चित्राची दुसरी प्रत करून ती Gaussian Blur ने इतपत धूसर करावी की दाणा विरघळेल पण भिंतीच्या छटा राहतील. आमच्या स्कॅनला आठ ते दहा बिंदूंची त्रिज्या पुरली. मग मूळ चित्रातून ही धूसर प्रत Grain extract या पद्धतीने वजा करावी. छटा निघून जातात आणि सपाट करड्यावर फक्त दाणा उरतो. या दाण्याच्या थराला Levels मध्ये जोरदार ताण दिला की ठिगळाचे कडे डोळ्यांनाच दिसू लागते. आकडा हवा असेल तर छोटा चौकोन निवडून Histogram ची खिडकी उघडावी; तिथे Std dev हा दाण्याचा जोर समजावा. तो दाण्याच्या थरावरच मोजायचा. मूळ चित्रावर मोजला तर भिंतीच्या छटेतला चढउतारही त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो.

दुरुस्त प्रतीत भिंतीच्या अभंग भागात हा आकडा नऊच्या आसपास होता. ठिगळाच्या आतही नऊ. दोहोंच्या मधल्या कड्यात तो साडेसहापर्यंत खाली येत होता. नवाचे सत्तर टक्के म्हणजे सहा पूर्णांक तीन, तेव्हा मऊ कडेचे निदान पुरेसे स्पष्ट झाले. पण ठिगळाच्या आत पूर्ण नऊ आहे, ही गोष्ट अधिक बोलकी होती. आतला दाणा जर इतका अस्सल असेल तर तो कुठून तरी जसाच्या तसा उचललेला असणार. डावा कोनाडा कापून, उजवे-डावे उलटवून उजव्या कोनाड्यावर ठेवला आणि दोन्ही थरांतला फरक काढला. फरक जवळजवळ पूर्ण काळा आला, म्हणजे काही फरक नाही. दोन कोनाडे गवंड्याने एकसारखे बांधले असू शकतील. चांदीचे पुंजके दोन ठिकाणी एकसारखे पडत नाहीत. उजवा कोनाडा म्हणजे डाव्याचेच प्रतिबिंब होते. स्मरणिकेतले रेखाचित्र त्या प्रतिबिंबाचे.

यानंतर त्या कुटुंबासाठी मूळ प्रिंटवरून नवी दुरुस्ती करायची होती. प्रिंट पुन्हा स्कॅन केली : १२०० बिंदू, १६ बिट, टिफ फाइल, स्कॅनरचे धारदार करणे आणि धूळ काढणे दोन्ही बंद. ही दोन्ही साधने दाण्यालाच हात घालतात, आणि एकदा बिघडलेल्या दाण्याशी जुळवून घेणे अशक्य होते. जेपेग टाळायची तीही याचसाठी. ती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील आधी गाळते, आणि दाणा हा तिच्या लेखी गाळण्याजोगाच तपशील असतो.

काम दोन थरांत केले. धूसर थरात फक्त छटा. तिथे पांढऱ्या डागाच्या जागी भोवतीच्या भिंतीची छटा भरली आणि कड ऐसपैस मऊ केली, चाळीस बिंदू रुंद. येथे मऊपणा योग्यच आहे, कारण या थरात दाणा नाहीच. दाण्याच्या थरात वेगळे ठिगळ लावले. त्यासाठी दाणा कुठून घ्यायचा हा खरा प्रश्न होता. भिंतीवरून घ्यावा असे प्रथम वाटते, पण भिंत स्पष्ट फोकसमध्ये आहे. तिच्या गिलाव्याची खोबणी आणि पोपडे दाण्याच्या थरात थोडे उतरतातच. ते उचलले तर दाण्याबरोबर खोटा गिलावाही येतो. आकाश फारच उजळ. शेवटी उपयोगी पडला तो पुढचा चिखल. कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने तो फोकसच्या बाहेर आहे, त्यात स्वतःचा तपशील नाही, आणि त्याची करडी छटा भिंतीच्या छटेला जवळजवळ मिळती आहे. पुराने आणलेल्या गाळातून उचललेला दाणा भिंतीत बसवला. जुने रफूगर दोरा बाजारातून आणत नसत. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढत. तसेच हे.

चिखलाचा एकसलग तुकडा पुरेसा मोठा नव्हता, म्हणून दोन तुकडे जोडावे लागले. एकच तुकडा दोनदा वापरला तर डोळा ती पुनरावृत्ती आश्चर्यकारक वेगाने पकडतो. तुकडा अर्ध्या फेऱ्याने फिरवून चालतो, कारण दाण्याला दिशा नसते. मात्र प्रिंटचा कागद खरखरीत असेल तर फिरवू नये. कागदाचे उंचवटे स्कॅनरच्या दिव्याने एका बाजूने उजळलेले असतात आणि फिरवलेल्या तुकड्यात उजेड उलट्या बाजूने आल्यासारखा दिसतो. आमचा कागद गुळगुळीत होता.

दाण्याच्या थरातली कड मऊ केली नाही. दोन-तीन बिंदूंपलीकडे मिसळ नाही, आणि कापाची रेघ सरळ न ठेवता वेडीवाकडी, पुंजक्यांच्या मधून नेलेली. धारदार काप दिसेल अशी भीती वाटते, पण तो दिसत नाही. दिसायला त्यात लांबवर जाणारी कुठली रेघ तुटावी लागते, आणि दाण्यात तशी रेघ नसतेच. माप आणि जोर जुळला की शेजारचा पुंजका कुठून आला हे कुणाला सांगता येणार नाही. ज्यांना मिसळ हवीच असेल त्यांनी मध्यावर निम्मे-निम्मे न घेता दोन्ही बाजूंचा दाणा सात-दशांश, सात-दशांश घ्यावा. सात-दशांशाचा वर्ग जवळपास अर्धा होतो, दोन अर्धे मिळून जोर पूर्ण भरतो आणि कडे तयार होत नाही. हे फक्त छटेपासून सुटा केलेल्या दाण्याला लागू. छटेला हा हिशेब लावला तर सांध्यावर उजळ पट्टा उठेल. शेवटी दोन्ही थर Grain merge ने एकत्र केले. कड्याच्या जागी मोजल्यावर आकडा पावणेनऊ आला. ताण देऊन पाहिले, चित्र उलटे करून पाहिले, तरी सांधा सापडला नाही.

येथे तंत्राचा प्रश्न संपतो आणि टीकेचा सुरू होतो. जुन्या ठिगळातला कोनाडा खोटा होता हे आपण सिद्ध करू शकलो, कारण त्याचा सांधा कच्चा होता आणि दाणा चोरीचा होता. हे नवे ठिगळ उद्या कुणी तपासले तर त्याला काहीच हाती लागणार नाही. मग आपण आधीच्या कारागिरापेक्षा अधिक प्रामाणिक कसे? आपण कोनाडा काढून टाकला, साधी भिंत भरली. पण साधी भिंत हेही विधानच आहे. ‘येथे कोनाडा नव्हता’ असे ती म्हणते, आणि त्याला आधार काय? गाळाच्या रेघेचे वेगळे. ती डागाच्या दोन्ही बाजूंना शिल्लक आहे, उभ्या पाण्याची पातळी एकच असते, म्हणून मधला तुकडा जोडून घेणे हे अनुमान म्हणून पक्के आहे. कोनाड्याबाबत असे काहीच नाही. असेल, नसेल.

चित्रांच्या जीर्णोद्धारात हा प्रश्न जुना आहे. इटलीतल्या चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेत, भिंतीचित्राचा गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरतात. दुरून पाहणाऱ्याला चित्र अखंड दिसते, जवळ गेलेल्याला रेघा दिसतात आणि हा भाग नंतरचा हे कळते. पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, जिचे आदिपर्व वि. सी. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पुरे झाले आणि मुख्य संहितेचे काम १९६६ मध्ये संपले, तिच्यात जिथे पाठ निश्चित नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. श्लोक सलग वाचता येतो, छंद मोडत नाही, अर्थ अडत नाही. पण खाली नजर टाकणाऱ्याला कळते की हा शब्द संपादकाच्या निवडीवर उभा आहे. नारायण पेठेपासून हे मंदिर काही फार लांब नाही. पोथीला आपण जी रेघ देतो ती फोटोला का देत नाही?

सांधा अजिबात लपवू नये, पांढरा डाग तसाच ठेवावा, असेही काही अभ्यासक म्हणतील. मला ते पटत नाही. पांढऱ्या डागाकडे डोळा इतका ओढला जातो की उरलेले चित्र वाचले जात नाही, गाळाची रेघही नाही. डागही चित्राबद्दल खोटे बोलतो; तिथे काहीतरी पांढरे होते असे क्षणभर वाटतेच. उलट फाइलमध्ये कुठेतरी नोंद ठेवली की काम झाले, हेही पुरेसे नाही. फाइलमधली नोंद छापील पानापर्यंत पोचत नाही. आधीच्या प्रतीबाबत नेमके तेच झाले असावे.

म्हणून दाणा आणि तपशील यांना वेगळा न्याय लावला. दाणा पूर्ण जुळवला, कारण दाणा भिंतीबद्दल काहीच सांगत नाही. तो फिल्मबद्दल सांगतो, आणि फिल्म त्या जागीही तीच होती. तपशील मात्र भरला नाही. भोवतीच्या भिंतीवर पोपडे आहेत, ओल आहे, गिलाव्याची खोबणी आहेत. ठिगळात केवळ छटा, गाळाची रेघ आणि दाणा आहे. हातभर अंतरावरून भिंत सलग वाटते. भिंग लावले, किंवा पडद्यावर मोठे केले, की त्या चाळीस मिलिमीटरांत भिंत विलक्षण मुकी आहे हे दिसते. तीच नागमोडी रेघ.

या निवडीलाही मर्यादा आहेत. भिंत होती म्हणून हे जमले. त्या जागी चेहरा असता तर छटा आणि दाणा भरून मुका चेहरा करणे विद्रूप झाले असते. तिथे मी डागच ठेवीन, फक्त त्याचा पांढरा मधल्या करड्यावर आणीन. चलच्चित्रांच्या जीर्णोद्धारात प्रश्न आणखी वेगळा होतो. तिथे गेलेला तपशील शेजारच्या चौकटीत बहुधा सापडतो, पण दाणा सेकंदाला चोवीस वेळा बदलत असतो. स्थिर दाण्याचे ठिगळ पडद्यावर मळक्या काचेसारखे तरंगत राहते.

आणि छापील पानाचीही मर्यादा आहे. दिवाळी अंकात छायाचित्र छापले की ते जाळीच्या ठिपक्यांत मोडते. ते ठिपके म्हणजे दाणा नव्हे. फिल्मवरचा बहुतेक दाणा त्यांत हरवतो, चांगला सांधा आणि वाईट सांधा सारखेच दिसतात. स्मरणिकेतून फोटो पुन्हा स्कॅन करून कुणी कोनाड्यांची तुलना करू गेला असता तर त्याला काहीच सापडले नसते. तपास फक्त मूळ स्कॅनवरच होऊ शकतो. म्हणून कुटुंबाला तीन गोष्टी एकत्र दिल्या : न दुरुस्त केलेले स्कॅन, दुरुस्त प्रत, आणि ठिगळाची सीमा काळ्या-पांढऱ्यात दाखवणारा स्वतंत्र थर. छापण्यासाठी चित्राखालची ओळही लिहून दिली : ‘दरवाज्याच्या उजवीकडील आयताकार भाग मूळ प्रिंटवर नष्ट झाला आहे. तेथील छटा नंतर भरली असून गाळाची रेघ दोन्ही बाजूंवरून जोडली आहे. त्या जागी कोनाडा होता की नव्हता हे या छायाचित्रावरून ठरत नाही.’

जुन्या स्मरणिकेच्या ज्या प्रती वाचनालयांत आहेत, त्यांत दोन्ही कोनाडे अजून आहेत.